ज्ञानेशच्या परिचयातलं खोडलेलं वाक्य

जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळात कलाकारांचे परिचय मी लिहिते आणि मंचावरून मीच वाचते. दीड मिनिटात गाव, शिक्षण, आजचं काम, त्या कामाचं मुळाशी नातं आणि शेवटी काय सादर होणार, एवढं बसवायचं. लोक ‘मातीशी जुळलेली नाळ’ लिहून पाठवतात. मी ती बिनदिक्कत कापते. कुठली माती, कसली नाळ, ते सांगा ना!

यंदा गणेशोत्सवात ज्ञानेश पखवाज वाजवणार होता. चाकणजवळच्या म्हाळुंग्याचा हा मुलगा इथे इंजिनिअर आहे, मोटारीत बसणाऱ्याला येणारा आवाज कमी करायचं त्याचं काम. पखवाज शिकवला वडिलांनी, तात्याबांनी. त्यांची बावीस वर्षं कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर गेली. ज्ञानेशनं अभिमानानं लिहिलं होतं, ‘आजही दर रविवारी वडील फोनवर त्याचा रियाज ऐकतात.’ मला असंच वाक्य हवं होतं. पण घरच्यांना विचारल्याशिवाय मी काही वाचत नाही, खोडच आहे माझी.

ज्ञानेशशेजारी बसून व्हिडिओ कॉल लावला. “तात्याबा, याला पहिला बोल कुठला शिकवलात?”

“व्हय, जेवलो की.”

मी पुन्हा विचारलं.

“पाऊस बरा हाय औंदा.”

ज्ञानेश हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

त्याची आई, सरुबाई, फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. “त्यांना ऐकू न्हाई येत रं. दोन वर्सं झाली. फोनवर बोलते मीच. तुझं वाजवून झालं की मी पाठीला हात लावते, मग ते मान डोलावत्यात.”

“मला का नाही सांगितलंस, आई?”

“तेच म्हनले, पोराचं कामच आवाजाचं हाय, त्याच्या जिवाला लागंल. तुला कळलंय, हे त्यांना कळू देऊ नगं.”

दोन वर्षांचे रविवार! मला रडू आवरेना. ज्ञानेशनंच ते रियाजाचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, ‘वडिलांचे कान प्रेसच्या आवाजात गेले. मुलगा मोटारी शांत करतो. पण कान गेल्याचं त्याला उशिरा कळलं.’

“अरे, ते फोनवर बघत असणार. त्यांच्यासमोर कसं वाचू?”

“वाचा, इंदुताई. त्यांना कुठं ऐकू येणार आहे?”

कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं आवाज घुमावा म्हणून पखवाजाला कणीक लावली आणि तात्याबांना भरलेलं सभागृह दिसावं म्हणून फोन आपल्या पाठीमागे स्टँडवर ठेवला. मी परिचय वाचला. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. ज्ञानेशचे हात मांडीवरच होते, पखवाजावर अजून एक थापही पडली नव्हती.

पडद्यावर तात्याबांना टाळ्या वाजवणारी माणसं दिसली. त्यांचा चेहरा फुलला.

“लई ग्वाड वाजवलंस, पोरा.”