‘अ‍ॅटिट्यूड सुधारा’ म्हणजे नेमकं काय करा?

वराळ्याच्या एका कारखान्यात मी एचआरला होते. कुरवंड्याची एक मुलगी तिथं मालाची मापं तपासायच्या कामावर, प्रोबेशनवर होती. सहा महिने भरत आले होते आणि ती कायम होणार की घरी जाणार, हे तिच्या साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. शेरा आला: ‘अ‍ॅटिट्यूड सुधारणे गरजेचे. टीममध्ये मिसळत नाही.’ बस्स. हे जरा बऱ्या भाषेत लिहून दुपारी मी तिला वाचून दाखवायचं होतं.

मी गोड शब्द घालून पाहिले, खोडले. उठून पाणी प्यायले, परत बसले. मनाला काही स्वस्थता नव्हती. काय घडलं तेच लिहिलेलं नाही, तर पोरीनं सुधारायचं काय, कपाळ? चिडून तडक साहेबांकडे गेले.

“कोणत्या दिवशी, काय केलं तिनं?”

“अहो मॅडम, सगळ्यांना माहितीये.”

“मला नाही. तिलाही नसेल.”

ते वैतागले, पण सांगू लागले. शिफ्ट सुटताना ती वहीत लिहून निघून जाते, तोंडी काही सांगत नाही. आमच्याकडे वही भरायचे सगळे, वाचायचं कुणी नाही. निरोप द्यायचा तो मशीनशेजारी उभं राहून. गेल्या महिन्यात माप घ्यायचं एक गेज चुकीचं माप दाखवतंय असं तिनं लिहिलं. पुढच्या शिफ्टनं तेच गेज वापरलं आणि दोन पेट्या माल पुन्हा तपासावा लागला.

“म्हणजे चूक तिनंच पकडली होती की!”

“हो. तेही लिहा.”

मी लिहिलं: ‘गेजमधला दोष तुम्ही अचूक ओळखून नोंदवला. पुढच्या शिफ्टला तो तोंडी कळला नाही, म्हणून माल पुन्हा तपासावा लागला. यापुढे नोंद करून दोन मिनिटं थांबा आणि सांगा. पुढचा माणूस वाचून वहीत सही करेल.’ साहेबांनी सही केली, पण कायम करण्याचा रकाना कोराच ठेवला. म्हणाले, “ती काय म्हणते बघू.”

तिनं कागद दोनदा वाचला.

“आदी सांगत व्हते की, मॅडम. तीन महिन्याला तुमीच कागद दिलात, अ‍ॅटिट्यूड सुधारा म्हणून. मला वाटलं, मी लय बोलते. तवापासून गप ऱ्हाते.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांचा तोही शेरा मी फक्त स्वच्छ टाइप करून तिच्या हातात दिला होता.

तिथंच खाली एक ओळ वाढवली: ‘तीन महिन्यांच्या शेऱ्यात अपेक्षा स्पष्ट सांगितली नाही, ही चूक आमची.’ आणि तिचं म्हणणं सांगून कागद साहेबांसमोर ठेवला.

त्यांनी ‘आमची’वर बोट ठेवलं. “हे काढता नाही येणार?”

“नाही,” मी म्हटलं. “तिनं आपलं ऐकलं, साहेब. म्हणून ती गप्प झाली.”

त्यांनी पेन उघडलं, ती ओळ तशीच ठेवली आणि ‘कायम’पुढे खूण केली.