पायाखालचा कडबा

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. शरणप्पा ओसरीवर बसले आहेत आणि चष्मा कपाळावर सरकवून मोबाईलमधल्या बैलाचे पाय शोधत आहेत. बोटांनी ते चित्र मोठं करतात, आणि बैल पडद्याबाहेर जातो.

"गेला बघ," ते म्हणतात.

"इकडं द्या. आयुष्यभर बैल धरलात, फोन काय धरता येईना," त्यांच्या बायको बसम्मा बोटानं बैल परत आणतात.

उदगीर तालुक्यातल्या या गावात बैल घेणारा आधी शरणप्पांना विचारतो. चाळीस वर्षं ते हाळीच्या बैलबाजारात पायी गेले. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला, तेव्हापासून बाजार त्यांच्याकडे फोटोतून येतो. २०१६ च्या एप्रिलात, दुष्काळात, टँकरच्या दिवसांत, फोटो कमी येतात. चारा नसल्यानं विकणारेच जास्त, घेणारे थोडे.

घेणाऱ्या भामाबाई समोर पायरीवर बसल्या आहेत. त्यांच्या देवणी जोडीतला एक बैल फेब्रुवारीत मेला. उरलेला एकटा कुळव ओढत नाही. जूनच्या पेरणीआधी जोडीदार मिळाला नाही तर चार एकर दुसऱ्याच्या बैलांच्या भरवशावर. देगलूरजवळच्या शेषेरावांनी फोटो पाठवून सांगितलं आहे : बारापर्यंत हो म्हणा, नंतर दुसरं गिऱ्हाईक हाय.

"अप्पा, कसा हाय?"

"वशिंड चांगलं. ताठ हाय, एका अंगाला कललेलं न्हाई. खांद्यावर जुवाचा घट्टा हाय, जखम न्हाई. म्हंजे कामाचा हाय. छाती रुंद, पाठ सरळ." शरणप्पांनी फोटो वर सरकवला. "पाय मात्र दिसंनात."

बैलाच्या चारही पायांखाली घोट्यापर्यंत कडबा पसरला होता.

"कडबा तर चांगलाच की," भामाबाई म्हणाल्या. "पोटभर खातंय."

"भामे, यंदा तुझ्या घरी कडब्याची पेंढी कुठं हाय?"

"माळ्यावर. कुलपात."

"आन् ह्यो पायाखाली अंथरून राहिला! ह्याखाली कायतरी झाकलंय."

भामाबाईंचा चेहरा उतरला. शरणप्पांनी बसम्मांकरवी फोन लावला.

"शेषेराव, बैल सपाट जागेवर उभा करा. कडबा बाजूला करा. फोन गुडघ्यावर बसून धरू नका, त्यानं बैल हत्तीएवढा दिसतो. बैलाच्या पोटाच्या उंचीवर धरा. एक फोटो बाजूनं, एक समोरून, एक मागून."

"मालक, लग्नाचा फोटो काढायचाय का बैलाचा?"

"लग्नाच्या फोटोत पाय न्हाई दिसले तरी चालतंय."

पलीकडून हसू आलं. मग "बरं" ऐकू आलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी तीन फोटो आले. शरणप्पांनी आधी समोरचा पाहिला. गुडघे एकमेकांकडे वळलेले नव्हते. मागच्या फोटोत मागचे पाय सरळ, मध्ये घासत नव्हते. मग बाजूचा फोटो मोठा केला आणि ते हसले. खूर लांब होते, चारही. पुढून चपलेच्या टोकासारखे वाढलेले.

"अगं बाई गं," भामाबाई म्हणाल्या. "हेच झाकलं होतं व्हय!"

"नीट बघ. हरेक पायाच्या दोन्ही नख्या सारख्या वाढल्यात. एक दुसरीवर चढली असती, नाहीतर बोटं फाकली असती, तर मी 'न्हाई' म्हणलो असतो. खुराच्या वरचा सांधाबी खाली बसला न्हाई. औंदा काम न्हाई, दावणीला उभं राहून खूर वाढतेत. नालबंदाकडं तासून घ्यायचे, मग नाल."

पुन्हा फोन लागला. शेषेरावांनी कबूल केलं : खूर लांब दिसले तर कुणी घेणार नाही, म्हणून कडबा टाकला.

"बैल चांगला हाय," शरणप्पा म्हणाले, "मालकच आळशी."

"ते मात्र खरं," शेषेराव म्हणाले.

"पण दात आन् चाल फोटोत येत न्हाई. उद्या येऊन बघू. दात दाखवायचे, चार पावलं चालवायचा. लंगडला तर सौदा न्हाई. हाव म्हणा."

"हाव, मालक. तवर कुणाला देत न्हाई."

बारा वाजायला अजून साडेतीन तास होते. भामाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "अप्पा, उदगीर जिल्हा झाला तर बैलांचा दवाखाना मोठा होईल म्हणतेत."

"होऊ दे. तिथंबी बैलाचे पाय जमिनीवरच बघावे लागतील."

"तुम्ही येणार का संगं? गुडघा?"

"गुडघा एसटीत बसतो. चालायचं तर बैलाला हाय."

बसम्मांनी शिंक्यातल्या भाकऱ्या मोजल्या आणि उद्याच्या शिदोरीसाठी पिठाच्या दोन जास्त मुठी बाजूला काढल्या. भामाबाई हंडे घेऊन उठल्या. टँकर एक दिवसाआड येतो आणि आज त्याची पाळी आहे. उद्या तो येत नाही, म्हणजे देगलूरकडं जायला दिवस मोकळा.