कात्रीताईंनी सरकवलेली पट्टी

वर्तमानपत्राच्या चित्रविभागात सगळे त्यांना कात्रीताई म्हणायचे. फोटो खरोखरच कात्रीने कापून डिंकाने चिकटवायचे, त्या काळापासून त्या तिथे होत्या. पुढे कॉम्प्युटर आले, कात्री गेली, नाव तेवढं राहिलं. दोन फोटोंचा सांधा त्या असा जुळवत की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता.

विभागाचा एक नियम होता. जुळवलेल्या चित्रावर ‘जुळवलेले चित्र’ अशी पट्टी हवी, काळ्यावर पांढरी अक्षरं, तीही चित्राच्या मुख्य भागावर. खालच्या ओळीत लिहून भागत नाही; चित्र एकटंच मोबाइलवरून गावभर फिरतं आणि ओळ मागे राहते. नियम शहाणा होता. कात्रीताईंना मात्र ती पट्टी लेकराच्या गालावर शाई सांडल्यासारखी वाटायची.

कालव्याला कठडा नाही, शाळेच्या बस रोज तिथूनच जातात, असा एक लेख आला. ताईंनी जुन्या फोटोंतून एक पिवळी बस घेतली, कालव्याचं पाणी घेतलं आणि बस पाण्यात कलती केली. शिंतोडे उडवले, सावली पाडली, नंबरप्लेट पुसली. चित्र इतकं जमलं की त्या स्वतःच बघत बसल्या. मग पट्टी लावायची वेळ आली आणि त्यांचा जीव होईना. त्यांनी काळा रंग काढून टाकला, अक्षरं फिकट राखाडी केली आणि उजव्या कोपऱ्यात, फेसाळ पाण्यावर सरकवली. विभागप्रमुखांनी मोठ्या स्क्रीनवर बघितलं. शोधणाऱ्याला अक्षरं दिसत होती. घाईत त्यांनी ‘चालेल’ म्हटलं.

वेबसाइट मोबाइलसाठी चित्र आपोआप चौकोनी कापते. तिने दोन्ही बाजू कापल्या आणि कोपरा गेला. तासाभरात चित्र घरोघरी पोचलं: बस कालव्यात पडली! आईबापांची पाचावर धारण बसली. कुणी अनवाणी शाळेकडे धावलं. मुलं वर्गात सुखरूप होती, पण बस ओळखीची निघाली. बॉनेटवरचा पोचा आणि लाल पट्टा साऱ्या शाळेला पाठ होता. दोन दिवसांत, ड्रायव्हर प्यायला होता म्हणे, असंही सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर कचेरीत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल.

“साहेब, चौदा वर्षं झाली, गाडीला साधा ओरखडा नाही. पोचासुद्धा आधीच्या माणसाचा. आता पालक मुलं चढवत नाहीत. शाळा म्हणते, घरी बसा.”

“चूक झाली खरी,” प्रमुख म्हणाले. “पण आम्ही पट्टी लावली होती. मशीनने कापली. कात्रीताई, हो ना?”

ताईंनी मान हलवली. हलवली आणि तोंड कडू झालं. एवढ्या वर्षांत त्यांनी कामात लबाडी केली नव्हती, आणि आज एका मानेच्या झटक्यात ती करून मोकळ्या झाल्या होत्या.

ड्रायव्हरने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. “मशीनने कापलं असेल, मी अडाणी माणूस. पण ताई, हे बघा, चाकाखाली ‘चित्र : कात्रीताई’ राहिलंय. हे कसं नाही कापलं?”

ते नाव ताईंनीच मधोमध, काळ्या पाण्यावर पांढऱ्या अक्षरांत बसवलं होतं. ते वाचता यावं म्हणून त्यांनी दोनदा मोठं करून बघितलं होतं. लाजेने त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“मशीनने नाही,” त्या म्हणाल्या. “पट्टी मी सरकवली. चित्र बिघडेल म्हणून. साहेब, मुद्दाम सरकवली हे तुम्हालाही मी सांगितलं नाही.”

प्रमुखांनी चित्र बदलायला आणि माफी लिहायला सांगितलं.

पट्टीसकट नवं चित्र आणि माफी संध्याकाळच्या आत वेबसाइटवर गेली. या वेळी ताईंनी चित्र चौकोनी कापून, बोटाएवढं करून मोबाइलवर तपासलं. पट्टी बसच्या मध्यावर ठळक वाचता येत होती. पण जुनं चित्र ज्यांच्याकडे गेलं होतं त्यांच्याकडून परत कसं आणणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी, माफी वाचून शाळेने ड्रायव्हरला पुन्हा बस घेऊन बोलावलं, तेव्हा शाळा सुटायच्या वेळी ताई फाटकाशी, बसच्या दाराजवळ उभ्या राहिल्या. एका हातात कोरड्या रस्त्यावरच्या बसचा मूळ फोटो, दुसऱ्या हातात आपलं चित्र. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला त्या सांगत होत्या, “ही बस कधीच पडली नाही. मी पाडली, कॉम्प्युटरवर. हे दादा प्यायलेलेही नव्हते.” कुणी ऐकून घेतलं. एक आजोबा म्हणाले, “लाज नाही वाटली?” “वाटते,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्याकडे वळल्या.

शेवटी नऊ मुलं चढली. चाळीस जागांची बस.

ड्रायव्हरने आरसा नीट केला, मुलं मोजली आणि खिडकीतून विचारलं, “उद्या याल का? आज न आलेल्यांना अजून सांगायचंय.”