चाळीस टक्के वाटले, साठ टक्के ठेवले

त्या वर्षी लातूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर एम.कॉम.ला वित्तीय व्यवस्थापन शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे दर जुलैत नव्याने मुलाखत आणि मार्चनंतर घरी. परीक्षा दहा दिवसांवर आली होती आणि लाभांश धोरणाचा अख्खा धडा बाकी होता. दोन तासांत तो उरकायचा होता.

धड्यातलं मुख्य गणित तसं सोपं असतं. कंपनीला नफा झाला, त्यातला काही भाग ती भागधारकांना वाटते, काही धंद्यात ठेवते. नफ्यातला जो हिस्सा वाटला जातो तो पेआऊट रेशो. ठेवलेला हिस्सा सूत्रात b या अक्षराने लिहितात. त्या b ला कंपनीच्या परताव्याच्या दराने गुणलं की वाढीचा दर मिळतो, आणि त्यावरून शेअरची किंमत निघते. मी फळ्यावर उदाहरण घातलं: पेआऊट चाळीस टक्के. आणि त्याखाली घाईघाईत लिहिलं, b बरोबर ०.४०.

पहिल्या बाकावर निलंग्याहून रोज एसटीने येणारी एक मुलगी बसायची. ती अर्धवट उठून म्हणाली, "मॅडम, चाळीस तर वाटलेत ना? मग ठेवले साठ न्हाई का?"

"अगं, सूत्रात टाक आधी. वेळ नाहीये आता," मी म्हणाले.

ती खाली बसली. गणित पुढे गेलं आणि उत्तर आलं बरोबर शंभर रुपये. इतकं गोल उत्तर आल्यावर कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही.

महिन्याभराने पेपर तपासायला नांदेडला बोलावणं आलं. हॉलमध्ये लांब टेबलं मांडलेली, वर पंखे गरगरणारे, आम्ही वीसेक जण. विषयाचे अध्यक्ष म्हणून निवृत्तीला आलेले एक सर होते. ते उभे राहून आदर्श उत्तरं वाचू लागले.

"प्रश्न तिसरा. प्रति शेअर उत्पन्न वीस रुपये, पेआऊट चाळीस टक्के, परतावा पंधरा टक्के, भांडवलाचा खर्च बारा टक्के. ठेवलेला हिस्सा साठ टक्के, म्हणून वाढ नऊ टक्के. लाभांश आठ रुपये. बारातून नऊ वजा, म्हणून आठ भागिले ०.०३. किंमत दोनशे सहासष्ट रुपये सदुसष्ट पैसे."

साठ टक्के. माझ्या हातातलं पेन थांबलं. माझ्या रीतीने हेच गणित मी मनात केलं: ठेवले चाळीस म्हणून वाढ सहा टक्के, वाटले साठ म्हणून लाभांश बारा रुपये, किंमत दोनशे. पुन्हा एकदा गोल उत्तर. वर्गात एकेचाळीस पोरं होती.

शेजारी नांदेडच्याच एका कॉलेजातले सर तपासत होते. कुणाला कुठल्या कॉलेजचा गठ्ठा आलाय हे कळत नाही, पानावर फक्त क्रमांक असतो. तासाभराने ते हसायला लागले.

"मॅडम, हे बघा गंमत. दोनशे. हिचंबी दोनशे. ह्याचंबी दोनशे. सगळ्यांला एकाच मास्तरनं शिकवून ठेवलंय वाटतं. लई भारी मास्तर हाय!"

मी मान वळवून पाहिलं. पानावर सूत्राभोवती चौकट होती आणि उत्तराखाली दोन रेघा. तशा रेघा मी काढते. पोरांनी माझी चूकच नव्हे, माझी सवयसुद्धा उतरवली होती.

"शून्य देता काय?" मी विचारलं.

"मग काय देऊ? उत्तरच चूक हाय." त्यांनी लाल शून्य काढलं आणि पान उलटलं.

त्याच प्रश्नाचा दुसरा भाग होता 'हातातला पक्षी' या युक्तिवादावर: भागधारकाला आज हातात पडणारा लाभांश उद्याच्या बेभरवशाच्या नफ्यापेक्षा मोलाचा वाटतो, म्हणून कंपनी जितका नफा अडकवून ठेवेल तितका त्याला धोका जास्त वाटतो, तो जास्त परतावा मागतो आणि शेअरची किंमत उतरते. माझ्यासमोरच्या गठ्ठ्यात कुणीतरी आडतीवरच्या तुरीचं उदाहरण देऊन हे छान समजावलं होतं. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. सांगितलं तर माझं नाव सगळ्या विद्यापीठात होणार आणि जुलैत मला कोण उभं करणार? नाही सांगितलं तर नापास होतील त्यांना कधीच कळणार नाही, का झालो ते. मी दोनदा अध्यक्षांच्या टेबलापर्यंत गेले आणि पाण्याच्या टाकीकडे वळले. तिसऱ्यांदा ते स्वतःच म्हणाले, "काय झालं, ताई? बरं वाटंना का?"

मी खाली बघूनच सांगितलं. "सर, ते दोनशेवाले पेपर माझ्या वर्गाचे असतील. मी b चूक शिकवला."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "कुणी वर्गात विचारलं न्हाई?"

"विचारलं होतं. मी गप्प बसवलं."

"हे वाईट झालं," ते म्हणाले. "तुमच्या पोरांसाठी म्हणून मला एक गुण वाढवता येणार न्हाई. कळतंय ना?"

"हो, सर."

"पण पायरीचे गुण कापून शून्य देऊन राहिलेत, ते मलाबी पटलं न्हाई." ते उठले आणि हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिसऱ्या प्रश्नात b चुकला तर त्याचे दोन गुण कापा, अंतिम उत्तराचे दोन कापा. सूत्राचे आणि पुढच्या रीतीचे गुण द्या. सगळ्यांला सारखं. तपासलेले गठ्ठे परत उघडा."

कुरकुर झाली. शेजारचे सर गठ्ठा सोडताना माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं असावं. नंतर ते हसले नाहीत.

परतीच्या एसटीत लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी फोनवर एकच निरोप लिहीत आणि खोडत होते. शेवटी वर्गाच्या ग्रुपवर टाकला: चूक माझी होती, तुमची नाही. चाकूर येईपर्यंत कुणाचंच उत्तर आलं नाही. मग निलंग्याच्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, मी पहिल्यांदा साठच धरलं होतं."

"मग?"

"मग तुम्ही सांगितलेलं आठवलं. म्हणून खोडलं आणि चाळीस लिवलं."

मी तोंडावर रुमाल धरला, तरी हुंदका फोनमध्ये गेला. तीच म्हणाली, "रडू नका मॅडम, गाडीत लोक बघतेत."

निकाल लागला. ती पास झाली, बाकीचेही बहुतेक झाले. दोघे राहिले. त्या दोघांना पुरवणी परीक्षेसाठी मी माझ्या घरी बसवून शिकवलं आणि ते ऑक्टोबरात सुटले. पण त्यातल्या एकाची बँकेतली भरती त्या चार महिन्यांत हुकली. त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

त्याआधी, जुलैत, मुलाखतीला गेले तेव्हा प्राचार्यांना सगळं माहीत होतं. "तुम्ही तिथं स्वतःहून बोलल्या म्हणं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी वित्तीय व्यवस्थापन माझ्याकडून काढून घेतलं आणि बी.कॉम. पहिल्या वर्षाचे निम्मे तास दिले. मी सही केली आणि विचारलं, "सर, पहिला तास कधी आहे?"

"उद्या साडेसातला. आणि मॅडम," ते म्हणाले, "वर्ग मोठा हाय. पोरं लई प्रश्न विचारतेत."