पारोळ्याच्या पुढे

धाकटी बहीण अर्शी धुळ्याच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, आणि मेहरूणात बांगड्या विकणारी शहजादी तिला भेटायला निघून दोनदा पारोळ्यालाच बसमधून उतरली होती. गर्दीत छाती आवळायची, आता आपणच मरतो असं वाटायचं.

आजही पारोळं जवळ येताच बोटं वाकडी झाली, श्वास पुरेना. शेजारची म्हातारी ओरडली, "हिले फिट उनी! कांदा फोडा!" कुणीतरी फोडलेला कांदा तिच्या नाकाशी धरला.

भीती दाटली की करायची म्हणून समुपदेशक बाईंनी शिकवलेली पाच-चार-तीन-दोन-एकची मोजणी शहजादीला आठवली. तिने पाच गोष्टी पाहिल्या: खिडकीचा गज, पिशवी, टोपी, घंटीची दोरी, म्हातारीचं गोंदण. मग गार गज, खरखरीत सीट, ओढणी, स्वतःच्या बांगड्या चाचपल्या. इंजिन, रडणारं मूल आणि हॉर्न ऐकले. कांद्याचा वास घेतला, मग डिझेलचा. शेवटी कांद्याला दात लावला. जीभ झोंबली.

"मावशी, उतरताय ना मागच्यासारखं?" कंडक्टर म्हणाला.

"नाही. धुळं."

भीती गेली नव्हती, थोडी सैल झाली होती. बस पारोळ्याहून सुटली.

धुळ्यात अर्शीने डोळे उघडले नाहीत, पण श्वास मंद चालू होता. शहजादीने हात धरला तेव्हा तो अजून गरम होता.