मागच्या खुर्च्यांसाठी दोन स्पीकर

पिंप्राळ्याच्या बन्सीलालआबांनी आयुष्यभर एकच काम केलं, ओरडले. पण महामंडळाच्या पगारावर! जळगावच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. "चोपडामार्गे शिरपूरला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे" असं आबांनी माईकवर म्हटलं की टपरीवरचा माणूस अर्धा चहा टाकून पळायचा. रिटायर झाले तरी घरात हळू बोलणं काही जमलं नाही. बेबाबाई म्हणायच्या, "अहो, मी स्वयंपाकघरात आहे, चोपड्याला नाही."

असा हा माणूस महिनाभर घरात गप्प बसून होता आणि एक पत्र लिहीत होता. पत्र होतं रतिलाल साउंडवाल्याला.

झालं होतं असं. आबांच्या मुलाचं, हितेंद्रचं, मे महिन्यात लग्न झालं आणि संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन ठेवलं. आपल्याकडे जेवण एकवेळ बेचव चालतं, पण मानपान चुकला तर माणूस जन्मभर विसरत नाही. माईकवर नाव पुकारायचं, पाहुण्याने स्टेजवर यायचं, टोपी-टॉवेल-नारळ घ्यायचा. पहिलं नाव कुणाचं, यावर घरं तुटतात. आबांचंच तुटलं होतं. थोरल्या भावाच्या, उखर्डूच्या, पोराच्या लग्नात आबांचं नाव गावातल्या पाच-सहा जणांनंतर पुकारलं गेलं. आबा रागाच्या भरात ताटावरून उठले आणि तडक जळगावला आले. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. आई गेली तेव्हा खांदा दोघांनी दिला, पण दोन टोकांना.

हितेंद्रची पत्रिका मात्र आबा स्वतः शिरपूरकडे गावी घेऊन गेले. पाया पडले. म्हणाले, "दादा, पहिलं नाव तुझं." उखर्डूने पत्रिका न उघडताच बाजूला ठेवली. पण आला! पांढरंशुभ्र धोतर नेसून आला आणि पार मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसला. आबांना स्टेजवरून ते धोतर दिसलं आणि त्यांचा जीव हरखला.

माईक हातात घेतला, गळा साफ केला, "सर्वप्रथम आमचे ज्येष्ठ बंधू" एवढं म्हणाले आणि ठप्प! ॲम्प्लिफायरवर लाल दिवा. रतिलालने बंद करून परत चालू केलं; दोन शब्द उमटले, जळका वास आला आणि सगळं मेलं. आबांनी तसंच ओरडून नाव घेतलं. पण मे महिन्यातलं उघडं लॉन, शेजारी जनरेटरची घरघर, पोरासोरांचा कालवा. पुढच्या रांगेतले व्याही तेवढे, आपल्यालाच बोलावलं समजून, उठून वर आले. पहिली टोपी त्यांनाच घातली गेली. आबा रतिलालवर तुटून पडले होते. मग मागे बघतात तर कडेची खुर्ची रिकामी. उखर्डू न जेवता गेला होता.

दुसऱ्या दिवशी गावाहून निरोप आला: बन्सीने डाव साधला, बोलावून अपमान केला.

आता कळलं ना पत्र कशासाठी? पैसे परत मागितले होते, नाही असं नाही. आबांनी ड्युटीच्या रिपोर्टासारखंच लिहिलं: बुकिंगची तारीख, पावती जोडली आहे, पूर्ण भाडे कार्यक्रमाच्या सकाळी अदा केले, ऐन सत्काराच्या वेळी ध्वनियंत्रणा बंद पडली, आपण पर्यायी ॲम्प्लिफायर आणला नव्हता. सबब पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करावी, अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. आणि शेवटी एक ओळ, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता: "आवाज आपल्या यंत्रातील दोषामुळे बंद पडला, असे आपण लेखी द्यावे."

तो कागद घेऊन ते भावाकडे जाणार होते. बघ दादा, माझी चूक नव्हती, साउंडवाल्याने लिहून दिलंय. बेबाबाई म्हणाल्या, "कागद दाखवून भाऊ परत येतो का कधी?" आबा खेकसले, "तुला काय कळतं!" आणि पत्र स्पीड पोस्टाने धाडून आले.

रतिलालने उत्तर लिहिलं नाही. तो स्वतःच आला. पाणी प्यायला, खिशातून पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं.

"आबा, अर्धे आणलेत. दुसरा ॲम्प्लिफायर माझा धुळ्याच्या लग्नात अडकला होता, सोबत ठेवला नाही, ही माझी चूक. पण बाकीचं लिहून देणार नाही मी."

"का नाही देणार? मशीन तुझं, जळलं तुझं!"

"जळलं कशाने, ते आठवा ना." रतिलालचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "मागच्या खुर्च्यांजवळ दोन स्पीकर कोणी लावायला सांगितले? मी म्हटलं, एवढ्या ॲम्प्लिफायरवर आधीच चार आहेत, आणखी दोन जोडले तर लोड येईल, मशीन जळेल, आधी सांगितलं असतं तर मोठा आणला असता. तुम्ही काय म्हणालात?"

आबांना सगळं आठवलं. स्टँडवर एका तारेवर भोंगे वाढवत नेले होते त्यांनी. इकडे एक, रसवंतीपाशी एक. तिथलं मशीन वेगळं, तार वेगळी, तिथे चालायचं. त्या तोऱ्यात ते म्हणाले होते, "मला शिकवतो का? हयात गेली माझी माईकवर. लाव!" आणि रतिलालने लावले होते. हट्ट एवढ्यासाठी होता, की उखर्डूला अलीकडे कमी ऐकू यायचं आणि तो मागेच बसणार हे आबांना ठाऊक होतं. त्याला आपलं नाव नीट ऐकू यावं म्हणून ते दोन स्पीकर होते.

"पाकीट घेऊन जा," आबा म्हणाले. रतिलालने घेतलं नाही. तसाच निघून गेला.

बेबाबाईंनी जेवायला वाढलं, ते तसंच राहिलं. कुणाला सांगणार? चूक दुसऱ्याची असती तर निदान भांडता तरी आलं असतं. सकाळी आबा शिरपूरच्या गाडीत बसले, हातात कागद नाही, काही नाही.

उखर्डू ओट्यावर बसला होता. वहिनी पार्वताबाई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. आबा अंगणात उभे राहिले, चप्पलसुद्धा काढली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्पीकर, लोड, लाल दिवा, स्वतःचा तोरा. मोठ्याने सांगितलं, भावाला ऐकू जावं म्हणून. शेजारच्या अंगणातली माणसं बाहेर आली. "दादा, तुझ्यासाठीच लावले होते रे ते," आबा म्हणाले.

उखर्डूने सगळं ऐकून घेतलं. मग अहिराणीतच बोलला, अगदी हळू.

"माईक बंद पडना ते बठ्ठासले दिसनं. मले बी दिसनं. तुना पाय त बंद नही पडनात ना?"

माईक सगळ्यांदेखत बंद पडला होता, पण आबांचे पाय शाबूत होते.

"मी तुनी वाट देखत बठेल व्हतू, बन्सी. तू त्या डबडाशी भांडत बसना."

स्टेजपासून त्या खुर्चीपर्यंत अंतर ते किती! उतरून गेले असते, भावाचा हात धरला असता, तर नाव पुकारायची गरजच नव्हती. हे आबांच्या मनात त्या संध्याकाळी एकदाही आलं नव्हतं, आणि त्यानंतर महिनाभर पत्र लिहितानाही आलं नव्हतं.

आता तरी जावं म्हणून त्यांनी ओट्याकडे पाऊल टाकलं. उखर्डू उठला, काठी घेतली.

"आते जाय," म्हणाला, आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.