सात नंबरचा मुद्दा

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला कॉम्प्युटरसमोर बसवणारा साहेब सगळ्यांना मिळत नाही. मला मिळाला. साफसफाईचं कंत्राट घेणारी आमची कंपनी, रिसालीत औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. मी यवतमाळकडच्या एका खेड्यातून भिलाईला आलो तो झाडू मारायला. साहेबांनी माझं अक्षर बघितलं आणि हजेरीच्या वहीवर बसवलं, मग हळूहळू मेलवर. ते रायपूरचे, घरात मराठी बोलणारे. मला कधी 'अरे' म्हणाले, कधी 'तुम्ही', पण 'नववी' कधी म्हणाले नाहीत. त्यामुळे त्यांचं प्रत्येक काम मी परीक्षेसारखं करायचो.

महिन्यातून एकदा आमची मोठी मीटिंग व्हायची. भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या सगळ्या साइटचे सुपरवायझर, स्टोअरवाले, सेफ्टीवाले आणि कामगारांच्या टोळ्यांचे प्रमुख मिळून एकतीस माणसं. सेक्टर सहामधला एक हॉल घ्यायचो, चहा-समोसे असायचे. प्रत्येक मुद्दा वाचून झाला की साहेब विचारायचे, "कोणाला काही बोलायचं आहे?" आणि शेवटच्या खुर्चीवरून मावशी हात वर करायच्या.

मावशी म्हणजे बायकांच्या टोळीची प्रमुख. मूळ भंडाऱ्याची. नवरा प्लांटमधून रिटायर झालेला, मुलगा प्लांटमध्ये नोकरीला, सेक्टर दोनमध्ये त्याचं क्वार्टर. मी भिलाईत नवा होतो तेव्हा दुपारी जिन्यावर बसून पारले बिस्किटं खाताना त्यांनी मला बघितलं. म्हणाल्या, "हे काय जेवन झालं का रे बाबू?" त्या रविवारी घरी नेलं, आणि पुढचे सगळे रविवार मी त्यांच्याच ताटात जेवलो. साहेबांनी मला मेलवर बसवलं त्या दिवशी आनंद झाला तो त्यांना. म्हणाल्या, "आता मले काय भीती? तू लिवतं ना."

त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये अकरा मुद्दे होते. सातवा असा: स्टोअरच्या मागची खोली सामान ठेवायला घ्यावी, बायकांनी कॅन्टीनच्या शेडमध्ये बसावं. खोली लहान होती, पण तिला आतून कडी होती. सव्वीस बायका तिथं साडी बदलायच्या, डबा खायच्या, पाय दुखले तर दहा मिनिटं आडव्या व्हायच्या. कॅन्टीनच्या शेडला भिंतीच नव्हत्या. मावशींनी महिनाभर आधीच बोलायची तयारी केली होती. मला म्हणाल्या होत्या, "साहेबाले इचारतो, तुमच्या घरच्या बाया शेडात साडी बदलतीन का?"

मीटिंगच्या दोन दिवस आधी साहेबांनी बोलावलं. प्लांटमध्ये शटडाऊन लागला होता, म्हणजे एक भाग बंद ठेवून मोठी दुरुस्ती. सुपरवायझरांना दम खायला वेळ नव्हता.

"एकतीस माणसं साइटवरून उठवून समोसे खायला आणायची का? मीटिंग रद्द कर. अजेंडा मेलवर टाक, उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी काय ते लिहून कळवावं. आणि हे बघ, आठ जणांकडं मेल नाही. त्यांना फोनवर सगळे मुद्दे वाचून दाखव, काय म्हणतात ते लिहून घे."

मी मान हलवली. भीती एकाच गोष्टीची होती. कॅलेंडरमधून मीटिंग रद्द केली की ती सगळ्यांच्या कॅलेंडरमधून जाते आणि तिला जोडलेला अजेंडाही तिच्याबरोबर जातो. म्हणून मी आधी अजेंडा उतरवून घेतला. नवी मेल केली, मुद्द्यांना नंबर घातले, कुठला मुद्दा कोणी मांडला ते लिहिलं, ती पाठवली आणि मगच मीटिंग रद्द केली. रद्द केल्याचा निरोप तेवीस जणांना गेला. हॉलवाल्याला कळवलं, समोसेवाल्याला कळवलं. इतकं सगळं बरोबर केलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

त्या मेलच्या शेवटी मी एक ओळही घातली होती. साहेबांनी सांगितली नव्हती. जुन्या एका सरकारी पत्रात वाचलेली, फार शिकलेली वाटायची: 'उद्या पाच वाजेपर्यंत उत्तर न आल्यास सहमती समजली जाईल.' पाठवायच्या आधी साहेबांनी मेल वाचली होती. त्या ओळीवर थांबले आणि म्हणाले, "वा. पक्का बाबू झाला तू."

कौतुकानं माझे कान गरम झाले. शाळेत कधी झाले नव्हते.

उत्तरं लगेच सुरू झाली. एका सुपरवायझरनं सगळ्यांनाच लिहिलं, 'समोसा भी अटॅचमेंट में भेज दो.' त्यावर आणखी पाच जणांनी सगळ्यांनाच हसून दाखवलं. मी हसत हसत फोन हातात घेतला. पहिला फोन भट्टीकडच्या टोळीप्रमुखाला. मागं ग्राइंडर किंचाळत होता. मी 'मुद्दा क्रमांक एक' म्हणालो, तो 'काय?' म्हणाला. अकरा मुद्दे ओरडून संपवायला अर्धा तास गेला, घसा बसला. दुसऱ्याला पाचपर्यंतच वाचले. तिसऱ्याला म्हणालो, "काका, मीटिंग कॅन्सल झाली." तो म्हणाला, "बरं झालं बाप्पा." एका मिनिटात काम झालं. यादीत त्याच्या नावापुढं मी लिहिलं: कळवलं.

मावशींचा नंबर सहावा होता.

"मीटिंग कॅन्सल झाली मावशी."

"काहून?"

"शटडाऊन आहे ना."

"मंग माया मुद्दा?"

इथं मी सांगायला हवं होतं. मुद्दा मेलवर गेलाय, उद्या पाचपर्यंत काय म्हणायचं ते सांगा, मी लिहितो. दोन वाक्यं. पण समोर आणखी दोन नावं होती, साहेबांनी यादी मागितली होती, आणि मला वाटलं, रविवारी जाणारच आहे, तेव्हा सांगू. रविवारच्या आधी उद्याचे पाच वाजणार होते, हे मला कळत नव्हतं असं नाही.

"होईन ना पुढच्या वेळी," मी म्हणालो.

"हो, कॅन्सल म्हनल्यावर पुढच्याच वेळी," त्या म्हणाल्या. "डबा खाल्ला का?"

मी लिहिलं: कळवलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. सात नंबरवर स्टोअरवाल्याचं 'सहमत' आलं होतं, बाकीच्यांनी नुसतं 'ओके' लिहिलं होतं किंवा काहीच नाही. हरकत एकही नाही. मी इतिवृत्त टाइप केलं. सातव्या मुद्द्यापुढं माझ्याच बोटांनी 'सर्वानुमते मान्य' असं लिहिलं. ते टाइप करताना हात थांबला होता, हे मला पक्कं आठवतं. थांबला आणि मग पुढं गेला. साहेबांनी सही केली.

शनिवारी रंगाचे ड्रम खोलीत गेले. बायकांच्या साड्या, डबे, चपला, एकीची देवीची छोटी तसबीर, सगळं एका पोत्यात भरून दारात ठेवलं होतं. त्या दुपारी मावशी रिसालीत आल्या, जिना चढून. साहेबांसमोर उभ्या राहिल्या. मी माझ्या टेबलावर, चार हातांवर.

"साहेब, मीटिंग कॅन्सल झालती ना? मंग खोली कशी गेली?"

साहेब गोंधळले. "मीटिंग रद्द झाली, मुद्दे रद्द नाही झाले. मेलवर घेतले. तुम्हाला फोन केला होता." त्यांनी माझी यादी काढली, बोट ठेवलं. "हे बघा. कळवलं."

मावशींनी यादी बघितली. मग मला बघितलं. मी कीबोर्डकडं बघत होतो. त्यावर एक अक्षर पुसलेलं आहे, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं.

मला एवढंच म्हणायचं होतं: साहेब, मी वाचून दाखवलं नाही. पण तोंड उघडलं तर खुर्ची जाईल, झाडू परत हातात येईल, गावात आईला काय सांगू, असं सगळं एकदम छातीत आलं.

"मीच आयकलं नसन बरोबर," मावशी म्हणाल्या. "मशीनीचा आवाज असते ना."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मावशींची साइट म्हणजे प्लांटच्या ऑफिस-इमारतीचे व्हरांडे. तिथं मशीन नाही, कधीच नव्हती. साहेबांना ते माहीत होतं. त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या मीटिंगमध्ये सात नंबर पुन्हा घेऊ. तोवर ड्रम हलवायला दुसरी जागा नाही."

मावशी गेल्या. मी त्यांना जिन्यापर्यंतही सोडायला उठलो नाही.

रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी अकरा वाजता मी सेक्टर दोनच्या क्वार्टरपाशी सायकल धरून उभा होतो. त्यांनी दार उघडलं.

"कॅन्सल म्हंजे काय रे बाबू? तुले तं इंग्रजी येते."

मी सायकल भिंतीला लावली.

"आज जेवन कॅन्सल करू का?"

त्यांचे यजमान आतून हसले. त्यांना काही माहीत नव्हतं. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं: ती ओळ, तो फोन, ते 'सर्वानुमते'. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मले ठाऊक हाय. तुया आवाजातच होतं." मग बऱ्याच वेळानं, ताट वाढताना, माझ्याकडं न बघता, "आमच्या घरात असं सांगतेत, ज्याले लिवता येते त्यानं न लिवणाऱ्याचं आधी लिवावं. तू तं आपलं आधी लिवलं."

मी ताटातला भात संपवला.

सोमवारी मी साहेबांकडं गेलो. "सर, मशीन नव्हती," एवढंच म्हणालो. "माहीत आहे," ते म्हणाले. "मी तुझ्या तोंडून यायची वाट बघत होतो. दोन दिवस लागले." काढून टाकलं नाही. ती ओळ मात्र पुन्हा कुठल्याही मेलमध्ये दिसता कामा नये, असं सांगितलं. काढून टाकलं असतं तर कदाचित आज हे लिहायला मी बसलो नसतो.

महिनाभर सव्वीस बायका शेडच्या मागं साडीचा आडोसा धरून कपडे बदलत राहिल्या. दोघी दोन टोकं धरायच्या, तिसरी बदलायची. मी त्या रस्त्यानं जायचं टाळायचो. दुसरा रस्ता लांबचा होता.

पुढची मीटिंग झाली, हॉलमध्ये, समोशांसकट. सातवा मुद्दा आला. साहेबांनी विचारायच्या आधीच शेवटच्या खुर्चीवरून हात वर झाला. मावशी उभ्या राहिल्या. साडीच्या आडोशाचं सांगितलं, कडीचं सांगितलं, घरच्या बायांचा प्रश्नही विचारला. हॉलमध्ये समोशाचा कागदसुद्धा वाजला नाही. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो.

मधेच त्या थांबल्या आणि एकतीस माणसांसमोर मला म्हणाल्या,

"लिवून राहिला ना बाबू?"

"हो मावशी," मी म्हणालो, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं.